धर्माचा रकाना

परळ, ८ जुलै १९५८

आनंदादादा,

जय भीम. हे पत्र आईचं नाही, माझं आहे. अक्षर ओळखून बाजूला ठेवू नकोस. हे अक्षर तूच मला पाटीवर गिरवून घेतलं होतंस.

दौंडहून तुझं कार्ड दर महिन्याला येतं, आईच्या नावावर. आईला वाचता येत नाही, म्हणजे वाचून दाखवते मीच, आणि तुला ते ठाऊक आहे. शेवटी तू ‘घरी सर्वांना जय भीम’ लिहितोस. गेलं सव्वा वर्ष मी त्या ‘सर्वां’त आहे का, हे मला कळलेलं नाही. आईला वाचून दाखवताना तेवढी ओळ मी जरा भरभर वाचते.

लिहायचं कारण वेगळं आहे. आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारात वर्षावास सुरू झाला. विहार म्हणजे तीच तळमजल्याची तालमीची खोली, आता चुना लावून स्वच्छ केलेली. तीन महिने दर रविवारी काहीतरी वाचन किंवा भाषण असतं. यंदा नागपूरकडचे एक म्हातारे भन्ते राहायला आले आहेत. त्यांनी विचारलं, इथे माणसं पोटासाठी काय करतात? दगडूमामांनी सांगितलं, गिरणी तर आहेच, पण आता बरेचजण कचेरीत शिपाई, कारकून झालेत, आठदहा जणांनी दुकानं टाकलीत. भन्ते म्हणाले, मग त्यांच्यासाठी बोला. लाच, वशिला, माप, आडवाट, यांवर धम्म काय सांगतो ते सांगा. आणि मी नको, तुमच्यातलंच कचेरीत बसणारं कुणीतरी बोलू दे.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मी बाई. शेजारच्या मीराबाई मागून ओरडल्या, “बाई हायेस म्हणून तर सांगतोय. पुरुष बोलला की आम्ही भाजी निवडतो.”

सत्तावीस तारखेचा रविवार ठरला आहे. मला झोप लागत नाही. का ते तुला माहीत आहे. माझा अर्ज तू भरलास, मी न वाचता सही केली, त्या अर्जावर मला नोकरी लागली. ती नोकरी करत मी लोकांना सम्यक आजीविका, म्हणजे सचोटीनं पोट भरणं, सांगायची. तूच सांग, कशी सांगू?

आई बरी आहे. तिला खोकला आहे, पण गिरणीत जाते.

तुझी
हौसा


परळ, १७ जुलै १९५८

दादा,

तुझं उत्तर नाही. मी मोजत नव्हते, पण नऊ दिवस झाले.

भन्तेंकडे रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन बसते. ते पालीतून सांगतात, मी मराठीत लिहून घेते. मला वाटलं होतं, असल्या गोष्टी ग्रंथात मोघम असतील. तसं नाही. लबाडीची नावं इतकी नेमकी दिली आहेत की वाचताना आपली गल्ली दिसते. तुलाकूट म्हणजे काट्यातली लबाडी. मानकूट म्हणजे मापातली. कंसकूट म्हणजे हिणकस धातू खरा म्हणून खपवणं. आणि उक्कोटन. उक्कोटन म्हणजे लाच, तीही न्यायाच्या ठिकाणची, जी घेऊन खऱ्या मालकाला बिनमालक करतात. अडीच हजार वर्षांपूर्वी याला नाव द्यावं लागलं, म्हणजे तेव्हाही कुणी दगडूमामा साहेबाच्या दाराशी स्टूल टाकून, चिठ्ठीमागे दोन आणे घेत बसत असणार.

दुसरी गोष्ट सिगाल नावाच्या तरुणाची. तो सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत असतो. बुद्ध त्याला सांगतात, दिशा म्हणजे माणसं. आईबाप पूर्व, गुरू दक्षिण, आणि पायाखालची दिशा म्हणजे आपले नोकर. मालकानं नोकराला झेपेल तेवढंच काम द्यावं, वेतन द्यावं, आजारपणात बघावं, सुट्टी द्यावी. (हे ऐकून आई म्हणाली, “हे गिरणीतल्या आमच्या जॉबर मुकादमाला कुणीतरी सांगा.”) आणि नोकरानं मालकानं दिलेलं तेवढंच घ्यावं.

त्याच उपदेशात माणूस वाकड्या वाटेला कशानं जातो ते सांगितलंय. चार कारणं. छंद, म्हणजे हा आपला, हा लाडका, म्हणून. द्वेष. भय. मोह, म्हणजे न समजून. भन्तेंनी विचारलं, “लोभ का नाही म्हटलं, सांग.” मग ते म्हणाले, “लोभी माणसाला कळतं आपण लोभी आहोत. पण जो आपल्या माणसासाठी वाकडं करतो, त्याला वाटतं आपण चांगलंच करतोय. म्हणून छंद पहिला.”

मी वही मिटली. मला तू दिसलास, सतरंजीवर पालथा पडून कंदिलाशी माझा अर्ज भरताना.

दादा, मला तुझी परवानगी हवी आहे. भाषणात मला माझ्या अर्जाचं सांगायचं आहे. पण अर्ज तुझ्या अक्षरात आहे आणि तू रेल्वेत आहेस. छप्पनच्या डिसेंबरात आपण तिघांनी दादरला दीक्षा घेतली आणि फेब्रुवारीत अर्जावर धर्म हिंदू, जात महार लिहिली, कारण राखीव जागा बौद्धांना नाही. उद्या कुणी विचारलं की हे अक्षर कुणाचं, तर? तुझ्या नोकरीवर आलं तर? तू नको म्हणालास तर मी बोलणार नाही. फक्त नको एवढंच लिही. कार्डाला पुरे.

आणि त्या दिवशी मी तुला जो शब्द बोलले, बाबासाहेबांना विकलंस असं, तो तुझ्या मनात अजून असेल. माझ्याही आहे.

हौसा


परळ, २८ जुलै १९५८

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. भाषण काल झालं.

लाऊडस्पीकर समितीच्या पोरांकडून मागून आणला होता. कामगार मैदानातल्या सभेहून थेट आला, म्हणून भोंग्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं रंगवलेलं तसंच होतं. पोरं म्हणाली, “ताई, फुकट देतो, पण भाषणात एकदा तरी झालाच पाहिजे म्हणा.” खोली भरली, बाहेर जिन्यावरही माणसं होती. बायका पांढऱ्या लुगड्यांत पुढे.

आधी पंचशील. बोलणाऱ्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पहिली तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज बंद झाला. लोकांना वाटलं पोरगी विसरली. मीराबाईंनी पुढून हळूच शब्द पुरवला, मग जिन्यावरून कुणी पुरवला, मग सगळ्या खोलीनं चुकतमाकत, लहान मुलाला शिकवावं तसं ते शील मला सांगितलं. मी त्यांच्या मागून म्हटलं.

मग बोलले. काटा, माप, लाच, सिगाल, सगळं. दुकानदारांसाठी तराजूची गोष्ट ठेवली होती. काटा धरणारा जसा नुसत्या नजरेनं जाणतो, पारडं किती झुकलं, किती उचललं गेलं, तसं गृहस्थानं आपली मिळकत आणि खर्च जाणावा, म्हणजे वाकड्या वाटेची गरज पडत नाही. शामराव, ते कोपऱ्यावरचे साबण-काडेपेटीवाले, मान डोलवत होते. मग उभे राहिले.

“हौसाबाई, मी माप मारत नाही. पण दुकानांचा इन्स्पेक्टर येतो. साडेआठला बंद करायचा कायदा. मी पाच मिनिटं मागेपुढे. तो म्हणतो, लिहू का? मी त्याला चार साबणाच्या वड्या देतो. मी देणारा. माझं पाप किती?”

मी म्हटलं, “भयानं दिलंत. ते चुकलंच. पण भय घालणाऱ्याचं जास्त. तुमच्याकडे भेटीची वही आहे ना? कायद्यानं ठेवावी लागते. पुढच्या वेळी वही त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, साहेब, लिहा.”

“आणि खरंच लिहिलं तर?”

“तर दंड भरा. पाच मिनिटं उशीर झाला, हे खरंच आहे की.”

सगळे हसले. शामराव नाही हसले.

मग दगडूमामा. तू त्यांना ओळखतोसच, साहेबाच्या दाराशी बसून भेटायला येणाऱ्याची चिठ्ठी आत नेतात. म्हणाले, “मी दिलेलंच घेतो, पोरी. तुझ्या ग्रंथाप्रमाणं. मागत नाय. अगं, फायलीला पाय नसतात. मी तिचे पाय. आता पायाला चप्पल नको?”

हशा थांबेना. मी थांबले आणि म्हटलं, “मामा, दिलेलं म्हणजे मालकानं दिलेलं. ज्याचं काम अडलंय त्यानं दिलेलं नव्हे. ज्याच्याकडे द्यायला दोन आणे नाहीत, त्याची फाईल लंगडीच राहते ना?”

मामांनी पानाची पिंक गिळली. पण त्यांना राग आला होता, तो दिसला. म्हणाले, “तू सरकारी खुर्चीवर बसून बोलतेस. आम्ही स्टुलावर.”

त्यांनी टोमणाच मारला होता. पण मला वाटलं, विचारलंच. दादा, मी तुझ्या परवानगीची वाट बघणं सोडलं. तुझं नाव घेतलं नाही, एवढंच केलं. म्हटलं, “त्या खुर्चीवर मी कशी बसले ते सांगते. दीक्षेनंतर दोन महिन्यांनी माझ्या अर्जावर धर्म हिंदू लिहिलेला होता. सही माझी आहे.”

कुणीतरी भोंगा बंद केला. बरं झालं.

आणि आता ते, जे मी तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. मी न वाचता सही केली नव्हती. तू अर्ज माझ्यापुढे ठेवलास, म्हणालास नीट वाच, आणि तोंड धुवायला गेलास. मी वाचला. रकाना वाचला. सही केली. मग एप्रिलात नेमणुकीचा कागद आला, मीराबाई पेढे मागायला आल्या, आणि मला लाज वाटली. ती लाज मी तुझ्यावर फेकली. सगळ्या चाळीसमोर. तू म्हणाला असतास, हिनं वाचलं होतं, तर मी संपले असते. तू एक अक्षर बोलला नाहीस. बदली मागून दौंडला गेलास.

हेही मी काल सगळ्यांसमोर सांगितलं. नाव न घेता, पण आई पुढेच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मला वाटलं होतं लोक शिव्या देतील, नाहीतर शाबासकी. दोन्ही नाही. दगडूमामा पांढरेफटक पडले. पुढे येऊन हळू आवाजात म्हणाले, “गप बस, हौशे. माझ्या बकुळाची शिष्यवृत्ती त्याच रकान्यावर हाय. तू उद्या कचेरीत जाऊन सांगशील, परवा ते सगळ्यांचे कागद काढतील.” आणि मग कळलं, खोलीत निम्म्या घरांत तसा एकेक कागद आहे. मी एकटीच खोटी आहे असं समजून मी सव्वा वर्ष जळत होते.

सगळे भन्तेंकडे बघू लागले. ते आसनावरून उठून पुढे आले. मग म्हणाले, “ज्यानं पोटाच्या आणि धम्माच्या मध्ये रकाना आखला, त्याचाही हिशेब होईल. तो तुम्ही सभा घेऊन मागा, भोंगा आहेच. पण ही पोर तिच्या सहीपुरतं विचारते आहे. तिला दुसऱ्याच्या सहीचं विचारू नका, आणि तिनं सांगू नये.”

मी तसं वचन दिलं. मामा तरीही पाठ फिरवून गेले.

शेवटी समितीच्या पोरांनी आठवण केली. मी भोंग्याशिवायच म्हटलं, झालाच पाहिजे. त्यांनी समाधान मानून घेतलं.

हौसा


परळ, ७ ऑगस्ट १९५८

दादा,

आज कचेरीत अर्ज दिला. तीनच ओळी. माझ्या मूळ अर्जात धर्म चुकीचा नोंदवला आहे, मी तेव्हाही बौद्ध होते, माहिती वाचून मी स्वतः सही केली. कुणी भरला ते लिहिलं नाही.

मी आवक-जावकला बसते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का आणि क्रमांक घालणं हेच माझं काम. शिक्का बसला की कागद जन्मला, मग तो कुणाला गिळता येत नाही. पण स्वतःच्या कागदावर स्वतःच शिक्का मारणं बरं दिसेना, म्हणून आमचे हेडक्लार्क बाबुराव यांच्याकडे नेला. मालवणकडचे, लालबागला राहतात. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी लेकीसारखं वागवलं. माझा पाण्याचा पेला निराळा ठेवायचा कुणीतरी प्रयत्न केला होता, तेव्हा त्यांनी त्याच पेल्यानं पाणी पिऊन तो विषय संपवला होता.

त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. “अगो बाय, ह्या काय केलंस? कोणी विचारलां तुका?”

“कुणी नाही.”

“मगे? तू काम चोख करतंस. ह्यो कागद मी बघूकच नाय. घे, घरी ने, चुलीत घाल.” कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

दादा, लाच कशी असते ते मी वहीत लिहून घेतलं होतं. ती इतक्या मायेनं येते हे कुठे लिहिलं नव्हतं. किंवा होतं. छंद पहिला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि कागद पर्समध्ये टाकावासा वाटला. घरी आईचा खोकला आहे, खोलीचं भाडं आहे. मी सगळं एका क्षणात मोजलं.

मी घडी उलगडली, टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “बाबुराव, शिक्का मारा.”

“नोकरी जाईत.”

“हो.”

“खटलो पण करतीत. खोटी माहिती म्हणान.”

“माझ्यावर करतील.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, “तुझो बापूस असतो तर तुका कानफटात मारल्यान असती.” आणि शिक्का मारला. इतका जोरात की शेजारची दौत हलली.

हौसा


परळ, ३१ ऑगस्ट १९५८

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पहिल्यांदाच माझ्या नावावर. दोन ओळी आहेत, मला पाठ झाल्या आहेत. ‘अर्ज मी भरला असं साहेबाला लेखी दे. एकटी उभी राहू नको.’

उशिरा आलं. पण आलं असतं वेळेवर, तरी मी ते दिलं नसतं. अक्षर तुझं होतं, सही माझी.

आता बातमी. खटला नाही. साहेबांनी खुलासा मागवला, मी दिला. नेमणूक हंगामी होती म्हणून महिन्याची नोटीस देऊन संपवली. बाबुरावांनी टिपणीत लिहिलं की बाईंनी आपण होऊन सांगितलं आणि कामात दोष नाही. साहेबांनी त्याखाली लिहिलं, खुल्या जागेसाठी परीक्षा द्यायला हरकत नसावी. परीक्षा ऑक्टोबरात आहे. जागा चार, आणि बसणारे किती ते विचारू नकोस.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत जाताना म्हणाली, “भाकरी दोनच केल्यात. तिसरी तुझ्या धम्माची.” मग दारातून परत आली आणि माझ्या केसांवरून हात फिरवून गेली.

शामरावांनी इन्स्पेक्टरपुढे वही ठेवली. त्यानं खरंच लिहिलं, आठ चाळीसला दुकान उघडं. कोर्टात जाऊन दंड भरून आले. पावती दुकानात खिळ्याला लावली आहे आणि गिऱ्हाइकाला दाखवतात. “हौसाबाईंचा प्रसाद,” म्हणतात. वर मला एक वडी साबण देऊ लागले. मी म्हटलं, पैसे घ्या.

दगडूमामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. कुणाचेही कागद निघालेले नाहीत. काल पाण्याच्या नळावर आले, म्हणाले, “आठवडा झाला, कुणाकडून काय घेतलं नाय. अनवाणी चाललोय.” मी विचारलं, फाईल पोचते का? म्हणाले, “पोचते गं. पण लोकांना इश्वास वाटत नाय. दोन आणे घेऊन मागं मागं येतात.” मग म्हणाले, आनंदाला कळव, मामा विचारत होता.

आता जे सांगायला बसले ते. खुलाशाच्या वेळी साहेबांनी माझा मूळ अर्ज मागवला. बाबुरावांनी फाईल काढली आणि तपासायला म्हणून कागद खिडकीच्या उजेडात धरला. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. उजेड कागदातून माझ्याकडे आला. धर्माच्या रकान्यात कागद पातळ झालेला दिसला, ब्लेडनं खरवडल्यासारखा. वर तुझ्या अक्षरात हिंदू, इंग्रजीत. आणि त्याच्या खाली, पुसट, उलटा, मोठ्या लिपीतला बी, बुद्धिस्टमधला. त्याची दोन्ही पोटं दिसत होती.

तू आधी खरं लिहिलं होतंस.

मी वाचला तेव्हा मला ते दिसलं नव्हतं, मी शाई बघितली, कागद बघितला नाही. मग ब्लेड घेऊन तू किती वेळ बसलास? मी तेव्हा झोपले होते का? एवढं हळू खरवडलंस की पलीकडे भोक पडलं नाही. ज्याला मी बाबासाहेबांना विकलंस म्हटलं, त्यानं ते अक्षर असं पुसलं होतं, जणू पुन्हा लिहायचं आहे.

बाबुरावांनी बघितलं. त्यांना समजलं असावं, मी रडत होते ते त्यांनी बघितलं नाही असं केलं. तेवढी आडवाट मी त्यांना घेऊ दिली.

दादा, माझा तो शब्द मी परत घेते. चाळीसमोर बोलले होते, म्हणून गेल्या रविवारी चाळीसमोरच परत घेतला, विहारात, भाऊ म्हणून तुझं नाव घेऊन. कागदाचं काही बोलले नाही, ते माझं तुझं.

परीक्षेचा अर्ज आज भरला. सगळा माझ्या हातानं. धर्माच्या रकान्यात खाडाखोड नाही. इंग्रजी शब्द सात-आठ आहेत, ते तू बघून दे, मला स्पेलिंगची खात्री नाही. अर्ज पाकिटात सोबत आहे. शेवटची तारीख वीस सप्टेंबर. पोस्टानं परत पाठवू नकोस, पोस्ट गहाळ होतं. घेऊन ये.

तुझी
हौसा

ता. क. आईनं अंथरुणं घालताना तुझी सतरंजी झटकून ठेवली आहे. मी सांगितलं नव्हतं.